c² − 4mk: चिन्हाच्या पलीकडे काय वाचायचं

प्रश्न: सर, मी नागपूरला मेकॅनिकल सेकंड इयरला आहे. mx″ + cx′ + kx = 0 मध्ये विवेचक काढून अंडरडॅम्प्ड, क्रिटिकल आणि ओव्हरडॅम्प्ड अशा तीन केसेस लिहिता येतात, मार्कही मिळतात. पण डॅम्पिंग वाढवलं की वस्तू लवकर थांबायला हवी ना? मग ओव्हरडॅम्प्ड सगळ्यात हळू कशी? आणि क्रिटिकल सगळ्यात फास्ट असेल तर बाईकच्या शॉकअपमध्ये तेच का ठेवत नाहीत?

उत्तर:

विवेचकाचं चिन्ह फक्त हालचालीचा आकार सांगतं: वस्तू झुलेल की नाही, एवढंच. ती किती वेळात थांबेल हे चिन्हावरून कळत नाही. त्यासाठी मुळं पाहावी लागतात, आणि दोन मुळांपैकी जे सुस्त आहे ते पाहावं लागतं. परीक्षेत तीन सूत्रं लिहून झाली की पोरं थांबतात, आणि खरा मजकूर तिथूनच सुरू होतो.

x = e^(rt) घातलं की वर्गसमीकरण मिळतं:

m r² + c r + k = 0

r = (−c ± √(c² − 4mk)) / 2m

आता दहावीच्या बीजगणितातली एक गोष्ट आठव. मुळांची बेरीज −c/m आणि गुणाकार k/m. या गुणाकाराकडे नीट बघ, त्यात c कुठेच नाही. डॅशपॉटमध्ये पातळ तेल भर नाहीतर गुळाचा पाक भर, दोन मुळांचा गुणाकार तोच राहणार. म्हणजे मुळं वास्तव झाल्यावर c वाढवून एक मूळ जलद केलंस, तर दुसरं तेवढ्याच पटीत सुस्त व्हायलाच हवं. आणि शेवटी जी हालचाल उरते ती सुस्त मुळाची असते, कारण जलद मुळाचा भाग केव्हाच विरून गेलेला असतो. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या गुणाकारात आहे.

हे आकड्यांत बघू. हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये नव्या पोरांना दाखवायला एक साधा जुगाड ठेवलेला आहे: स्प्रिंगला टांगलेलं वजन आणि खाली तेलाचा डॅशपॉट. हिशेब सोपा जावा म्हणून मोजमापं गोळाबेरीज करून घेतो. वस्तुमान २ किलो, स्प्रिंग २०० न्यूटन प्रति मीटर. म्हणजे k/m = 100, नैसर्गिक वारंवारता १० रेडियन प्रति सेकंद, आणि 4mk = 1600. वजन समतोलापासून १० सेंटीमीटर खाली ओढायचं आणि धक्का न देता सोडायचं. बदलायचा तो फक्त c, न्यूटन-सेकंद प्रति मीटरमध्ये.

c = 24 घेतला तर विवेचक 576 − 1600 = −1024. वर्गमूळ 32i, मुळं −6 ± 8i. वजन वर येतं, साधारण ०.२८ सेकंदाला समतोल ओलांडतं, ०.३९ सेकंदाला पलीकडे साडेनऊ मिलिमीटरवर थांबून मागे फिरतं. परत आलं की पुढची उसळी मिलिमीटरभरही उरत नाही.

c = 40 घेतला तर विवेचक बरोबर शून्य, दोन्ही मुळं −10. हालचाल x = 10(1 + 10t)e^(−10t), सेंटीमीटरमध्ये. समतोल न ओलांडता वजन जागेवर येतं.

c = 50 घेतला तर विवेचक 2500 − 1600 = 900, मुळं −5 आणि −20. आणि c = 104 घेतला तर विवेचक 9216, वर्गमूळ 96, मुळं −2 आणि −50.

प्रत्येक जोडीचा गुणाकार १००. पाच गुणिले वीस, दोन गुणिले पन्नास. आणि −6 ± 8i चा गुणाकार 36 + 64, तोही १००. संमिश्र मुळांचा गुणाकार म्हणजे मूळबिंदूपासूनच्या अंतराचा वर्ग. म्हणून अंडरडॅम्प्ड मुळं कायम १० त्रिज्येच्या वर्तुळावर असतात. वही काढ आणि संमिश्र प्रतलावर हे काढूनच बघ. c शून्य असताना मुळं ±10i वर, म्हणजे वर-खाली. c वाढेल तशी ती दोघं वर्तुळावरून डावीकडे सरकतात आणि −10 वर एकमेकांना भेटतात. भेटल्यानंतर मात्र वाटा फुटतात: एक अजून डावीकडे पळतं, दुसरं वास्तव अक्षावरून उजवीकडे, शून्याच्या दिशेनं माघारी येतं. तुला खटकत होतं ते हे माघारी येणारं मूळ.

गणित पटलं तरी मन म्हणेल, की तेल जास्त म्हणजे ऊर्जा जास्त खाणार, मग उशीर कसा? तर तेल ऊर्जा खातं ते वेगाच्या जोरावर. दर सेकंदाला खाल्ली जाणारी ऊर्जा c·v². वजन हललंच नाही तर तेल काहीच खात नाही. c = 104 ला सुटल्यावर क्षणभरातच अशी स्थिती येते की स्प्रिंगचं सगळं बळ तेल ढकलण्यात जातं आणि वस्तुमानाचा प्रवेग नगण्य राहतो. म्हणजे c·v ≈ −k·x, वेग x च्या k/c पट. 200/104 म्हणजे सुमारे १.९, आणि आपलं सुस्त मूळ होतं २. जवळपास तेच. हाच वेग c·v² मध्ये घातला तर k²x²/c मिळतं, c आता छेदात गेला. तेल दाट केलं की स्प्रिंगमधली ऊर्जा खाण्याचा वेग कमी होतो, कारण तू वजनाला हलूच देत नाहीस. दुसरं मूळ −50, ते c/m = 52 च्या आसपास आहे. ते वजनाला मिळालेला वेग मारण्याचं काम करतं, आणि ते काम दाट तेल झटक्यात करतं यात शंका नाही. थोडक्यात, जास्त डॅम्पिंग वेग लवकर मारतं, पण विस्थापन तसंच लोंबकळत ठेवतं. आपण ‘थांबणं’ हा एकच शब्द या दोन्हींसाठी वापरतो म्हणून गोंधळ होतो.

आता क्रिटिकल सगळ्यात जलद, या वाक्याकडे येऊ. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. त्याचा नेमका अर्थ असा: सुस्त मुळाचा दर c = 40 लाच सर्वाधिक, म्हणजे १०. त्याआधी दर c/2m, तो १० पेक्षा कमी; त्यानंतर माघारी येणारं मूळ, तेही १० पेक्षा कमी. खूप वेळ गेल्यावर कोण शून्याच्या जास्त जवळ असेल, तर क्रिटिकल. आणि समतोल न ओलांडता जागेवर येणाऱ्यांत सगळ्यात पुढे कोण, तर तेही क्रिटिकलच.

पण कारखान्यात कोणी ‘खूप वेळ गेल्यावर’ असं विचारत नाही. तिथे प्रश्न असतो, की काटा दोन टक्क्यांच्या पट्ट्यात शिरून तिथेच राहायला किती वेळ लागतो. १० सेंटीमीटरच्या सुरुवातीला दोन टक्के म्हणजे दोन मिलिमीटर. वरच्या सूत्रांत आकडे घालून मी काढलेले वेळ असे:

| c | मुळं | दोन टक्क्यांत स्थिर व्हायचा वेळ (सेकंद) |
|---|---|---|
| 24 | −6 ± 8i | ०.५९ |
| 32 | −8 ± 6i | ०.३८ |
| 40 | −10, −10 | ०.५८ |
| 50 | −5, −20 | ०.८४ |
| 104 | −2, −50 | १.९८ |

c = 32 च्या ओळीवर जरा थांब. विवेचक 1024 − 1600 = −576, म्हणजे सरळसरळ अंडरडॅम्प्ड. तरी ते क्रिटिकलपेक्षा ०.२ सेकंद आधी जागेवर येतं. कारण ते समतोल ओलांडतं खरं, पण पलीकडे जातं फक्त १.५ मिलिमीटर, आणि आपल्याला दोन मिलिमीटर चालतात. ओलांडणं पट्ट्याच्या आतच घडलं, त्यामुळे काही नुकसान नाही, आणि जोरात आल्याचा फायदा मात्र पदरात पडला. पट्टा अर्ध्या टक्क्याचा केलास तर हीच उसळी पट्ट्याबाहेर जाईल आणि ०.२ सेकंदांचा हा फायदा जवळजवळ संपेल. म्हणून कोणी ‘सगळ्यात जलद’ म्हटलं की मी आधी विचारतो, किती टक्क्यांत?

आणखी एक गोष्ट तक्त्यात लपलेली आहे, आणि कामाच्या दृष्टीनं मला ती जास्त महत्त्वाची वाटते. क्रिटिकलच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत. c दहा टक्के कमी कर, ३६, तर दर १० वरून ९ वर येतो. दहा टक्के वाढव, ४४, तर विवेचक 336, वर्गमूळ साधारण 18.3, आणि सुस्त मुळाचा दर थेट ६.४. एकीकडे दहा टक्के पडझड, दुसरीकडे छत्तीस. कारण वर्गमूळ. विवेचक शून्याच्या किंचित वर गेला की त्याचं वर्गमूळ एकदम मोठं होतं: c = 40.1 ला विवेचक फक्त ८, पण वर्गमूळ २.८, आणि मुळं −9.3 व −10.7 अशी फाकतात. c मध्ये पाव टक्का बदल, दरात सात टक्के. म्हणून c नक्की माहीत नसेल, आणि तो कधीच नक्की माहीत नसतो, तर थोडं अंडरडॅम्प्डच्या बाजूला राहावं. तिकडची चूक स्वस्त पडते.

यावरून घाबरू नकोस, की रेषा ओलांडली म्हणजे वजन अचानक वेगळं वागेल. c = 39.9 ला गणितानुसार झुलणं आहे, वारंवारता ०.७ रेडियन प्रति सेकंद. पण पहिली उलटी उसळी यायला साडेचार सेकंद लागतील आणि तोवर e^(−9.975t) नं ती अणूच्या आकारापेक्षाही बारीक करून टाकलेली असेल. डोळ्याला किंवा सेन्सरला ३९.९, ४० आणि ४०.१ यांचे आलेख एकच दिसतात. पुस्तकातला क्रिटिकलचा t·e^(−10t) हा चमत्कारिक पदही याच सलगतेतून येतो: (e^(r₁t) − e^(r₂t))/(r₁ − r₂) हेही उत्तरच आहे, आणि r₁, r₂ एकमेकांत मिसळू दिले की त्याची मर्यादा t·e^(rt). मोजलेल्या m, c, k वरून विवेचक शून्य आला असं प्रयोगवहीत कोणी लिहिलं तर मला आधी आकडे जुळवल्याचा वास येतो.

आता नागपूरचा भाग. मुंबई-पुण्याच्या पुस्तकात c एक स्थिरांक असतो. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो महिन्यानुसार बदलतो. डॅशपॉटचा c तेलाच्या दाटपणाच्या प्रमाणात असतो. साधं खनिज हायड्रॉलिक तेल, ग्रेड ३२, याचा अर्थच असा की ४० अंशांना त्याचा दाटपणा ३२ सेंटीस्टोकच्या आसपास. तेच तेल १० अंशांना चार-पाच पट दाट होतं. मे महिन्यात दुपारी शेडमध्ये ४० अंश ही काही बातमी नाही, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे १० अंश इथे येतातच.

मग c = 24 हा मेचा आकडा धर. डिसेंबरच्या सकाळी तोच डॅशपॉट, तेच तेल, तेच वजन, आणि c साधारण १०४. मुद्दाम तेच दोन आकडे मी वर घेतले होते. मेमध्ये मुळं −6 ± 8i, वजन ओलांडून अर्ध्या सेकंदाच्या जरा पुढे स्थिर. डिसेंबरात मुळं −2 आणि −50, जवळपास दोन सेकंद. एकाही बोल्टला हात न लावता विवेचकाचं चिन्ह पालटलं.

उलटं अजून वाईट. डिसेंबरच्या सकाळी कोणी काळजीपूर्वक c = 40 लावून ‘क्रिटिकल सेट केलं’ म्हणून सही केली, तर मेमध्ये तो c नऊच्या आसपास उरेल. मुळं −2.3 ± 9.7i, पहिलीच उसळी पलीकडे पावणेपाच सेंटीमीटर. हिवाळ्यात शहाण्यासारखं वागणारं वजन उन्हाळ्यात नाचायला लागतं, आणि लोक स्प्रिंग बदलत बसतात. स्प्रिंगचा दोष नसतो. ऋतूनुसार तक्रार बदलत असेल तर आधी तेलावर संशय घ्यायचा. उपाय दोन. एक, सिलिकॉन तेल, तापमानानं त्याचा दाटपणा खनिज तेलापेक्षा पुष्कळ कमी बदलतो. दोन, पिस्टनला अशी बारीक भोकं की प्रवाह खळाळता होईल; मग रोध मुख्यतः तेलाच्या घनतेवर ठरतो आणि घनता तापमानानं फारशी हलत नाही. पण हा दुसरा उपाय केलास की बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात जातं, समीकरण रेषीय राहत नाही, आणि c² − 4mk हे एका ठरावीक वेगाभोवतीचा अंदाज म्हणूनच वापरता येतं.

वजन बदललं तरी असंच होतं, आणि दिशा बहुतेक पोरं उलटी सांगतात. c = 40 ला क्रिटिकल असलेल्या जुगाडावर अजून दोन किलो चढव. m = 4, विवेचक 1600 − 3200, ऋण. मुळं −5 ± 5i. वस्तुमान वाढलं की विवेचक खाली जातो, झुलणं सुरू होतं. वजनदार वस्तू ‘जड म्हणून सुस्त, म्हणून ओव्हरडॅम्प्ड’ हा अंदाज चुकीचा. स्प्रिंग कडक केली तरी विवेचक खालीच जातो.

इथून सरळ तुझ्या शॉकअपवर येतो. एकटा चालवताना एक m, मागे कोणी बसलं आणि टाकीवर पिशवी ठेवली की दुसरा m. एकाला क्रिटिकल केलं तर दुसऱ्याला ते नसणारच. पण हे दुय्यम कारण. मुख्य कारण असं, की तुझं समीकरण ‘ओढून सोडलेल्या’ वजनाचं आहे आणि गाडीला कोणी ओढून सोडत नाही. गाडीला रस्ता खालून हलवतो. तेव्हा डॅम्परचं बळ c(y′ − x′) असतं, y म्हणजे चाकाखालचा रस्ता. खड्ड्याच्या किंवा स्पीड ब्रेकरच्या तीक्ष्ण कडेवर y′ प्रचंड असतो आणि हे सगळं बळ c पटीनं सीटला जातं. म्हणजे डॅम्पर एकाच वेळी झुलणं मारतो आणि रस्त्याचा धक्का वर पोचवतो. क्रिटिकल ठेवलास तर पुलावरून उतरताना गाडी डौलात बसेल, पण फुटलेल्या डांबरावर दात वाजतील. म्हणून साधारण गाड्यांत c क्रिटिकलच्या विसेक ते चाळीस टक्क्यांच्या आसपास ठेवतात, आणि बऱ्याचदा दबताना कमी, उसळताना जास्त. असा दोन्ही दिशांना वेगळा c आला की एकच विवेचक मांडून चालत नाही, हेही लक्षात ठेव. जिथे खालून धक्का नाही, फक्त जागेवर यायचं आहे, तिथे, उदाहरणार्थ काट्याच्या वजनयंत्रात, क्रिटिकलच्या जरा अलीकडचं डॅम्पिंग शोभतं.

परीक्षेत एक वाक्य हमखास चुकतं: ‘क्रिटिकल आणि ओव्हरडॅम्प्ड समतोल कधीच ओलांडत नाहीत.’ स्थिर सोडलं तर ओलांडत नाहीत, हे बरोबर. पण आतल्या दिशेनं पुरेसा ढकलून सोडलं तर एकदा ओलांडतात, एकदाच. आपल्या क्रिटिकल वजनाला १० सेंटीमीटरवरून आत १ मीटर प्रति सेकंदाहून जास्त वेग दे, ते पलीकडे जाईल आणि मग परत येईल. c = 50 ला ही हद्द २ मीटर प्रति सेकंद, म्हणजे जलद मूळ गुणिले अंतर. म्हणून आलेखात एक ओलांडणी दिसली की लगेच ‘अंडरडॅम्प्ड’ लिहू नकोस. सोडताना हात कसा सुटला ते आधी विचार.

शेवटी लॅबमधला आलेख वाचायचा कसा. अंडरडॅम्प्ड असेल तर पुस्तक एका बाजूच्या लागोपाठच्या दोन उसळ्यांचं गुणोत्तर घ्यायला सांगतं. डॅम्पिंग हलकं असेल तर ते ठीक. पण c = 24 लाच पहिल्या १० सेंटीमीटरनंतर त्याच बाजूची पुढची उसळी ०.९ मिलिमीटर असते. पेनाची रेघच तेवढी जाड. तिथे अर्धा फेरा घे: इकडे १००, तिकडे ९.५ मिलिमीटर. ln(100/9.5) म्हणजे २.३५. ही संख्या d म्हटली तर डॅम्पिंगचं गुणोत्तर d/√(π² + d²), इथे ०.६. आणि 24/40 सुद्धा ०.६.

त्याआधी एक खात्री कर. उसळ्या ठरावीक पटीनं कमी होत असतील तर डॅम्पिंग तेलाचं. त्या ठरावीक मिलिमीटरनं कमी होत असतील, आणि शेवटी वजन शून्यावर न येता जरा बाजूला अडकून बसत असेल, तर ते कोरडं घर्षण: गाईडची नळी घासते किंवा पेन कागदावर दाबलेलं आहे. तिथे c नावाची वस्तूच नाही, विवेचक काढण्यात अर्थ नाही. आधी नळी साफ कर.

ओव्हरडॅम्प्ड आलेखाला उसळ्याच नसतात, म्हणून तिथे x चा नैसर्गिक लॉगरिदम वेळेसमोर मांड. सुरुवातीची वाकडी रेघ सोडून दे. पुढे ती सरळ होते आणि तिचा उतार म्हणजे सुस्त मूळ. c = 50 ला उतार −5 मिळेल. स्प्रिंग आणि वजन आधीच मोजलेलं असल्यानं गुणाकार १०० माहीत आहे, मग दुसरं मूळ −20, बेरीज −25, आणि गुणिले m, म्हणजे c = 50. जलद मूळ मोजावंच लागत नाही, आणि ते मोजताही येत नाही. साध्या मोबाईलच्या व्हिडिओत ते पाच-सहा फ्रेममध्ये संपून जातं.

ती सरळ रेघ मागे t = 0 पर्यंत वाढव. ती १० सेंटीमीटरला नाही, १३.३ ला जाऊन मिळायला हवी, कारण स्थिर सोडल्यावर सुस्त भागाचा गुणक 20/(20 − 5), म्हणजे चार तृतीयांश येतो. समजा ती १२ सेंटीमीटरला मिळाली. मग गुणकाच्या सूत्रातून, (v₀ + 20·x₀)/15 = 0.12, सुरुवातीचा वेग −0.2 मीटर प्रति सेकंद निघतो. म्हणजे वजन नुसतं सोडलं नव्हतं, सोडताना बोटानं आत २० सेंटीमीटर प्रति सेकंदानं ढकललं होतं. अशा वेळी बोटाऐवजी दोरा बांधून तो कापायचा.